हाय का कोणी घरी?

डिसेंबरचा पहिला आठवडा होता. रात्री ९ वाजून ४७ मिनिटांनी आमच्या सहावीच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज आला. इंग्रजीतली दोनच अक्षरं, एच आणि आय. हाय. पुढे काही नाही. नंबर माझ्याकडे सेव्ह नव्हता. अशा नंबराशेजारी व्हॉट्सॲप त्या माणसानं स्वतः भरलेलं नाव दाखवतं, तर तिथं नावाच्या जागी नुसतं एक टिंब होतं. फोटोत माणूस नव्हता, एक लाल ट्रॅक्टर होता.

माझा फोन आत चार्जिंगला लावलेला. मी ओसरीत वह्या तपासत बसले होते. फोन हातात घेतला तेव्हा १० वाजून ५ मिनिटं झाली होती आणि त्या अठरा मिनिटांत त्या हायचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. एकानं उलट हाय टाकलं होतं. एका ताईनं गुलाबाच्या फुलावर शुभ रात्री लिहिलेलं चित्र टाकलं होतं. मग एकानं विचारलं होतं, "कोण?" आणि सगळ्यात खाली, दोन हात जोडलेल्या खुणेसह, "कृपया ग्रुपवर शाळेव्यतिरिक्त मेसेज टाकू नये."

हे चौघंही चांगली माणसं आहेत. मी त्यांना ओळखते, त्यांची लेकरं माझ्या वर्गात बसतात. पण त्या रात्री एक नवा माणूस दारात उभा होता, आणि त्याला चार उत्तरं मिळूनही "या" म्हणणारं त्यात एकही नव्हतं.

माझी शाळा यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा-दिग्रसच्या पट्ट्यातल्या एका गावात आहे. गाव फार मोठं नाही, पण आजूबाजूच्या वस्त्यांवरून आणि दोन तांड्यांवरून पोरं इथंच येतात. ग्रुपवर ५८ जण आहेत. निम्म्यांचा फोन घरात एकच, तो कधी बापाच्या खिशात, कधी मोठ्या भावाकडे. कपाशीच्या वेचणीच्या दिवसांत दिवसभर ग्रुप मुका असतो, रात्री आठनंतर थोडी हालचाल होते.

हायला उत्तर द्यायचंच, आणि नीट द्यायचं, हे मी त्याच्या आदल्या वर्षी ठरवलं होतं. त्याला कारण झालं.

आदल्या वर्षी नोव्हेंबरात असंच एक हाय आलं होतं. तेही अनोळखी नंबरावरून. मी ते पाहिलं. मनात म्हटलं, काही काम असेल तर विचारेल. आणखीही बऱ्याच जणांनी पाहिलं असेल, कोणीच काही बोललं नाही. त्या माणसानंही नंतर काही लिहिलं नाही. आठ दिवसांनी तो नंबर ग्रुपमधून निघून गेल्याची ओळ दिसली, तीही मी वाचून सोडून दिली. एप्रिलात, कापसाच्या जिनिंगचा हंगाम संपत आला तेव्हा, एका पालकाकडून कळलं. ते जिनिंगवर हमालीला जातात. त्यांच्या शेजारच्या खोलीत बाहेरच्या जिल्ह्यातून आलेलं एक कुटुंब राहत होतं. त्यांचा मुलगा सहावीच्या वयाचा. आधीच्या शाळेनं दाखला दिला नव्हता, आणि दाखल्याशिवाय इथं घेतील का, एवढंच त्या बापाला विचारायचं होतं. ग्रुपची लिंक ह्या शेजाऱ्यानंच त्याला दिली होती. त्यानं हाय टाकलं, वाट पाहिली, आणि बहुतेक नाही घेत असं समजून तो गप्प बसला. पोरगं पाच महिने जिनिंगच्या आवारात फिरत राहिलं.

मला हे आजही सहज सांगता येत नाही, कारण त्याच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं होतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये स्पष्ट लिहिलंय की दाखला यायला उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेनं प्रवेश लांबवायचा नाही आणि नाकारायचाही नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही अडवता येत नाही, ते कलम १४. म्हणजे तो बाप दुसऱ्या दिवशी सकाळी पोराला घेऊन आला असता, तर मी त्याला त्याच दिवशी वर्गात बसवलं असतं. दाखला मागवणं हे नंतरचं, शाळेनं करायचं काम. मधे अडलं ते एवढंच, की त्यानं हाक मारली आणि मी ओ दिली नाही.

"हाक" हा शब्द मी विचार करून वापरते आहे. आमच्याकडे कोणी कोणाच्या घरी गेलं की अंगणात उभं राहून आधी विचारतात, "हाय का कोनी घरी?" आतून कोणीतरी म्हणतं, "हाय ना जी, या, बसा." मग पाणी. मग पाऊसपाणी, वेचणी कुठवर आली, भाव काय लागला. आणि मग, उठता उठता, खरं काम निघतं. अंगणातूनच कोणी ओरडत नाही की मला पाचशे रुपये उसने पाहिजेत, किंवा पोरीचं नाव शाळेतून काढायचंय. आधी दार उघडावं लागतं. ते उघडायला जो शब्द लागतो त्यात काही मजकूर नसतो, नसावाच. आमच्या बोलीत "आहे"ला "हाय" म्हणतात, त्यामुळे मला त्या दोन इंग्रजी अक्षरांत नेहमी हाच अंगणातला आवाज ऐकू येतो. हाय का कोणी?

१९६८ साली छापून आलेल्या एका अभ्यासात इमॅन्युएल शेग्लॉफ नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं पोलिसांच्या फोनवरचे सुमारे ५०० संवाद तपासले होते, ते नेमकं हेच शोधायला की बोलणं सुरू कसं होतं. जवळजवळ प्रत्येक वेळी फोन उचलणारा आधी बोलतो. एकच संवाद त्याला सोडून होता: फोन उचलला गेला, पलीकडून आवाजच नाही, आणि क्षणभरानं फोन करणाऱ्यानंच हॅलो म्हटलं. शेग्लॉफनं लावलेला अर्थ असा की फोनची घंटी ही पहिली हाक असते आणि उचलणाऱ्याचं हॅलो ही तिला दिलेली ओ. ओ आली नाही, म्हणून त्या माणसानं पुन्हा हाक मारली. आणि एकदा ओ आली की पुढं बोलायची पाळी हाक मारणाऱ्याची, त्याला मग कामाचं सांगावंच लागतं. मला हे वाचलं तेव्हा फार पटलं. ग्रुपवर हाय टाकणाऱ्यानं काम का सांगितलं नाही, असं आपण विचारतो. त्याची पाळी अजून आलेलीच नसते. पाळी आपली असते.

फोनवर तरी माणसाला पुन्हा हॅलो म्हणता येतं, कारण पलीकडे एकच जण असतो. ५८ जणांपुढं दुसऱ्यांदा हाय म्हणायची हिंमत फार थोड्यांना होते.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, जी मला स्वतः करून पाहीपर्यंत कळली नव्हती. त्या वर्षीच्या उन्हाळी सुट्टीत मी नणंदेचा फोन घेतला आणि आमच्याच ग्रुपच्या लिंकवरून त्यात शिरले. समोर कोरा पडदा. ग्रुपात दोन वर्षांचं बोलणं साठलेलं होतं, सूचना होत्या, फोटो होते, वेळापत्रक होतं, पण नणंदेच्या फोनवर त्यातलं काहीच नव्हतं. तुम्ही लिंकवरून सामील झालात, एवढी एक ओळ, आणि खाली लिहायची जागा. आम्ही जुने लोक दोन वर्षांचं बोलणं बघत बसलेले असतो, त्यामुळे नवा आला की आपल्याला वाटतं, त्यानं चालू बोलण्यात मध्येच हाय घुसवलं. त्याच्या बाजूनं तो एका रिकाम्या, अंधाऱ्या खोलीत उभा असतो. आत कोणी आहे का, हेही त्याला माहीत नसतं. अशा जागी कोणीही आधी आवाजच देईल.

आणि हायच का, नमस्कार का नाही? एक कारण टायपिंगचं आहे. मराठी कीबोर्ड फोनमध्ये असतो, पण तो चालू करून दिलेला नसतो, आणि दोन अक्षरं रोमनमध्ये दाबणं सोपं. पण मला दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. आमच्या गावात अभिवादनच माणसाची ओळख सांगून टाकतं. कोणी राम राम म्हणतं, कोणी जय भीम, कोणी जय सेवालाल, कोणी सलाम. समोर कोण बसलंय हे माहीत असलं की माणूस त्याप्रमाणे बोलतो. पण ५८ अनोळखी माणसांच्या खोलीत पहिला शब्द कोणता टाकायचा? आपलं अभिवादन टाकलं तर आपण कोण हे काम सांगायच्या आधीच सगळ्यांना कळतं, आणि दुसऱ्याचं टाकवत नाही. हायमध्ये तसलं काही नाही. ते कोणाचंच नाही, म्हणून तिथं सगळ्यांना चालतं. ज्या माणसाला ही काळजी कधी करावी लागली नाही, त्याला ते हाय पोकळ वाटतं.

माझा भाचा पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याच्याशी मी हे बोलले तेव्हा तो म्हणाला, "मावशी, आमच्याकडं उलट नियम आहे. नुसतं हॅलो टाकून बसायचं नाही, एकाच मेसेजमध्ये प्रश्नासकट लिहायचं." त्याचं म्हणणं मी नीट ऐकून घेतलं, आणि त्याच्या जागी ते बरोबरच आहे. तिथं सगळे एकमेकांना ओळखतात, सगळ्यांना लिहिता येतं, कोणी कोणाला प्रश्न विचारायला घाबरत नाही, आणि हाय टाकून पाच मिनिटं गप्प बसलं तर दुसऱ्याचं हातातलं काम तुटतं. आमच्या वर्गाच्या ग्रुपवर त्यातली एकही गोष्ट लागू होत नाही. इथं प्रश्न लिहिणं हेच अवघड, आणि चारचौघांत लिहिणं त्याहून अवघड. तो नियम इथं आणला की ज्यांना लिहिता येतं तेवढेच बोलतात. ते तर आधीपासून बोलतच असतात.

आता त्या डिसेंबरच्या रात्रीकडे येते.

१० वाजून ५ मिनिटांनी मी पहिली गोष्ट केली ती अशी: त्याच्या हायवर बोट ठेवून ते उजवीकडे सरकवलं, म्हणजे माझ्या उत्तराच्या डोक्यावर त्याचा हाय चिकटला. हे साधं वाटतं, पण फार लागतं. मधे चार मेसेज येऊन गेले होते. मी नुसतं खाली लिहिलं असतं तर मी कोणाशी बोलते आहे, त्याच्याशी की नियम सांगणाऱ्याशी, हे त्याला कळलं नसतं. मग लिहिलं:

"नमस्कार जी. मी सहावीची वर्गशिक्षिका. तुम्ही ग्रुपवर आलात, चांगलं झालं. तुमचं लेकरू कोणतं? नुसतं नाव सांगा."

लगेच तेच बोलून पाठवलं, बारा-तेरा सेकंदांचं. बोलताना एक वाक्य वाढवलं, की लिहायला जड जात असेल तर माईकचं बटण दाबून धरा आणि बोला, मी ऐकते.

ह्या चार वाक्यांवर मी बराच विचार केलेला आहे, म्हणून थोडं थांबून सांगते. आधी मी कोण ते सांगितलं, कारण त्याला खोलीत कोण आहे ते दिसत नाही. आलात ते चांगलं झालं, हे सांगणं त्या रात्री जास्तच गरजेचं होतं, कारण वर नियमाचा मेसेज बसलेला होता, आणि त्या भल्या माणसाला न दुखावता तो पुसायचा होता. आणि प्रश्न एकच विचारला, तोही एका शब्दात उत्तर देता येईल असा. काय काम होतं, असं विचारलं नाही. तो खिडकीमागून विचारलेला प्रश्न वाटतो, आणि कामाचं उत्तर सगळ्यांपुढं द्यावं लागतं. लेकराचं नाव मात्र कोणत्याही आईबापाला चटकन आणि आनंदानं सांगता येतं. "कोण?" ह्या वरच्या मेसेजमध्येही तोच प्रश्न होता, पण त्यात "जी" नव्हतं, "तुमचं लेकरू" नव्हतं, आणि विचारणारा कोण ते नव्हतं. अंधारातून कोणी "कोण?" म्हटलं तर माणूस दोन पावलं मागं जातो.

मग मी वाट पाहिली. पाठवलेल्या आपल्या मेसेजवर बोट दाबून धरलं की माहितीचा पर्याय येतो, त्यात कोणाला पोचला आणि कोणी वाचला अशा दोन याद्या दिसतात. ग्रुपमध्ये ह्या निळ्या खुणा कोणाला बंद ठेवता येत नाहीत, त्यामुळे यादीवर भरवसा ठेवता येतो. त्याचा नंबर पोचलेल्यांत होता, वाचलेल्यांत नव्हता. म्हणजे फोन चालू होता, माणूस फोनपाशी नव्हता, किंवा त्यानं ग्रुप उघडायचं टाळलं होतं. हे पाहून ठेवायचं ते स्वतःच्या समजुतीसाठी. पोचलाच नसेल तर रेंज नाही, उद्या पाहावं. पोचला पण वाचला नाही तर घाई करू नये. वाचला आणि तरी उत्तर नाही, तर बहुतेक वेळा त्याला लिहिता येत नाहीये किंवा लाज वाटते आहे, तेव्हा दुसऱ्या दिवशी एकदा, एकदाच, नुसतं बोलून विचारावं. दुसऱ्यांदा प्रश्न बदलू नये. नवा प्रश्न आला की आधीचा चुकला होता की काय असं त्याला वाटतं.

मी झोपले. सकाळी पाहिलं तर रात्री ११ वाजून २० मिनिटांनी रोमन अक्षरांत मुलीचं नाव आलं होतं. नुसतं नाव. स्पेलिंग भलतंच होतं, पण मोठ्यानं वाचलं की कळत होतं.

मुलगी माझ्या वर्गातली, तांड्यावरची. आईबाप दिवाळी झाल्याबरोबर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गेलेले, पोरगी आजीजवळ. म्हणजे हा बाप चारएकशे किलोमीटरवरून, दिवसभर कोयता चालवून आणि रात्री गाडी भरून, मग हाय म्हणत होता. ट्रॅक्टरचा फोटो का ते तेव्हा लक्षात आलं.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं, "हो जी, ओळखलं. पोरगी हुशार आहे. मी तुम्हाला फोन करते." आणि पुढचं सगळं ग्रुपच्या बाहेर. हा क्रम मी मुद्दाम असा ठेवते. पहिलं उत्तर सगळ्यांसमोर, काम एकट्याशी. पहिलं उत्तरही खाजगीत दिलं, तर ग्रुपवर ते हाय अनाथ दिसत राहतं, आणि पुढचा नवा माणूस जेव्हा कधी येईल तेव्हा बाकीचे ५७ जण आपण गप्पच बसायचं असतं हेच शिकलेले असतात. उलट कामही सगळ्यांसमोर विचारलं, तर बाप लाजेनं काहीतरी दुसरंच सांगून मोकळा होतो.

दुपारच्या सुट्टीत फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, पोरगी शाळेत येते काय जी? आई म्हनते रोज येते. पन मले काही खरं वाटून नाही राह्यलं."

मी हजेरीपट घेऊनच बसले होते. गेल्या सतरा दिवसांत ती नऊ दिवस आली नव्हती. आजी वेचणीला जात होती, वेचणीची मजुरी किलोवर, आणि दोन हात जास्त लागले की तेवढंच वजन वाढतं. पोरगी आजीबरोबर वेचणीला जात होती. हे मला हजेरीवरून आधी दिसायला हवं होतं. वेचणीच्या दिवसांत अर्धा वर्ग असाच गळतो, आणि त्या गर्दीत ही एक पोर माझ्या नजरेतून सुटली होती. तिचा बाप एवढ्या लांबून ते धरून बसला होता.

हा प्रश्न तो ५८ जणांपुढं कसा लिहिणार होता? स्वतःच्या आईवर संशय, पोरगी मजुरीला जाते की काय ही भीती, आणि आपण तिथं नाही ही बोच. ह्यातलं काहीही ग्रुपवर लिहिण्यासारखं नाही. ते हाय त्यानं किती वेळ बोटात धरून ठेवलं असेल, कोणास ठाऊक. नंतर त्यानं सांगितलं की लिंक पोरीनंच आजीच्या फोनवरून पाठवली होती, पंधरा दिवस आधी.

पुढचं थोडक्यात सांगते. मी तांड्यावर गेले, आजीशी बोलले. आजीचा राग रास्त होता, तेल-मीठ कोणी आणून देत नव्हतं. बापानं महिन्याला थोडे पैसे शेजाऱ्याच्या खात्यावर टाकायचं कबूल केलं. आजी म्हणाली, रविवारी नेईन, बाकी दिवस नाही. पोरगी यायला लागली. जानेवारीत पुन्हा चार दिवस गैरहजर होती, पण त्या चार दिवसांचं बापाला माझ्या आधी कळलं होतं, कारण आता तो दर आठवड्याला स्वतःच बोलून विचारत होता.

सगळ्या हायच्या मागे असा बाप नसतो, हेही सांगायला हवं. त्याच वर्षी फेब्रुवारीत एक हाय आलं, मी तेच चार वाक्यांचं उत्तर दिलं, ते वाचलं गेल्याचं दिसलं, पण लेकराचं नाव काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन आयांनी मला दाखवलं की तोच नंबर त्यांना खाजगीत मेसेज करतो आहे, घरबसल्या कामाचे पैसे वगैरे. आमची लिंक कुठूनतरी बाहेर गेली होती. मी तो नंबर काढला, जुनी लिंक रद्द करून नवी केली, आणि नव्या माणसाला ॲडमिनच्या मंजुरीशिवाय आत येता येणार नाही ती सोय चालू केली. ग्रुपवर सगळ्यांना बोलून सांगितलं की त्या नंबरावरून आलेल्या कशावरही बोट ठेवू नका. हे सांगायचं कारण असं की लेकराचं नाव विचारणं हे आपुलकीनं केलेलं असलं तरी त्यातून पारखही होते. खरा पालक उशिरा का होईना नाव सांगतो. खोटा माणूस त्या प्रश्नाला कधीच उत्तर देत नाही, तो बाजूनं निघून एकेकाला गाठतो. फक्त एक काळजी घ्यावी. आपण आपल्याकडून नावं पुढं करू नयेत, तुम्ही अमक्याचे बाबा का, असं विचारू नये. खोट्या माणसाला नुसतं हो म्हणायचं असतं.

मंजुरी लावल्यावर एक अडचण आली, तीही लिहून ठेवते. बाहेर थांबलेल्यांची यादी कोणी पाहिलीच नाही तर माणूस अंगणातसुद्धा येत नाही, फाटकाबाहेरच राहतो. म्हणून आता मी रोज रात्री जेवणानंतर ती यादी उघडते. मला जमलं नाही तर आमच्या अंगणवाडीच्या ताई उघडतात. त्यांना आणि किराणा दुकानवाल्या दादांना मी ॲडमिन केलंय. तिघांनी आपसात वाटून घेतलंय, नवा आला की ज्यानं आधी पाहिलं त्यानं उत्तर द्यायचं, आणि एकानं दिलं की बाकी दोघांनी थांबायचं. बाकीच्या पालकांना मी एवढीच विनंती केली, की पहिल्या उत्तरानंतर ते नाव सांगेपर्यंत मधे काही टाकू नका. वीस जणांनी मिळून हाय म्हटलं तर खालचा प्रश्न वर ढकलला जातो आणि त्या माणसाला तो सापडत नाही. हे त्यांना पटलं. नियमाचा मेसेज टाकणारे दादा तर आता स्वतःच म्हणतात, "थांबा, मॅडमना बोलू द्या आधी."

दुकानवाल्या दादांचं उत्तर माझ्यापेक्षा चांगलं असतं. ते लिहीत नाहीत. दुकानातला वजनकाटा, पोरांचा आवाज, सगळं मागं ऐकू येतं, आणि ते म्हणतात, "या जी, बसा. कोनाचे बाबा हा तुमी?" परवा एका आजोबांनी त्यावर लगेच चाळीस सेकंद बोलून टाकलं.

आदल्या वर्षीच्या त्या माणसाचा नंबर माझ्याकडे होता. तो ग्रुपमधून गेला, पण त्याचं हाय माझ्या फोनवर अजून होतं. ह्या जानेवारीत एका रविवारी मी ते शोधून काढलं. बरंच वर जावं लागलं. मग त्या नंबरावर खाजगीत लिहिलं, मी शाळेची मॅडम, तेव्हा तुम्ही विचारायला आला होता. मुलाला दाखल्याशिवाय कुठल्याही सरकारी शाळेत घेतात, आठवीपर्यंत कोणी नाही म्हणू शकत नाही, तुम्ही जिथं असाल तिथं जा. नाही घेतलं तर मला सांगा, मी त्या शाळेशी बोलते. तेच बोलूनही पाठवलं.

दोन्ही मेसेजवर अजून एकच टिक आहे.